बातम्या ऐकू येतात, सिनेमात नुसती खरखर: ऑप्टिकल केबल आणि पीसीएमचा घोळ

सेलूहून मामांचा फोन आला तेव्हा मी परभणीतच होतो. "टीव्हीवर बातम्या लावल्या की आवाज खणखणीत येतो. सिनेमाचं एचडी चॅनल लावलं की भजी तळल्यागत चर्रर्र सुरू होतं. केबल नवी आणली, तरी तेच. कामून असं?"

या तक्रारीतच उत्तर होतं. ऑप्टिकल केबलमधून जातो तो लाल उजेड. त्या उजेडाला बातम्यांचं चॅनल कोणतं आणि सिनेमाचं कोणतं, हे ठाऊक नसतं. केबल तुटलेली किंवा मळलेली असती तर दोन्हीकडे सारखाच त्रास झाला असता. एका चॅनलवर आवाज बरोबर आणि दुसऱ्यावर नाही, याचा अर्थ उजेड नीट पोचतोय, पण त्या उजेडात भरलेली भाषा पलीकडच्या यंत्राला कळत नाही. मामांनी नव्या केबलचे पैसे उगाच घातले होते. हा प्रकार मला वरचेवर दिसतो, म्हणून मामांच्या घरी जे जे केलं ते त्याच क्रमाने लिहितो.

मामांची मांडणी आपल्याकडे बऱ्याच घरांत दिसते. जुना दोन स्पीकरचा ॲम्प्लिफायर, तीस वर्षं भजनाला आणि गणपतीला वाजलेला, मागे फक्त लाल-पांढऱ्या पिनांची जागा. टीव्ही नवा, त्याला लाल-पांढऱ्या पिनांचं आउटपुट नाही, हेडफोनचं भोकही नाही, आहे फक्त ऑप्टिकल. मग या दोघांच्या मध्ये काडेपेटीपेक्षा थोडी मोठी कन्व्हर्टरची डबी: एका बाजूने ऑप्टिकल आत, दुसऱ्या बाजूने लाल-पांढऱ्या पिना बाहेर, आणि ५ व्होल्टचा पुरवठा टीव्हीच्याच यूएसबीतून.

आधी उजेड बघा

तुमच्याकडे मामांसारखं नसून आवाज अजिबातच येत नसेल, तर सुरुवात इथून करा. टीव्ही चालू ठेवा, केबलचं टीव्हीकडचं टोक तसंच राहू द्या आणि ॲम्प्लिफायरकडचं किंवा डबीकडचं टोक बाहेर काढा. ते टोक तळहातावर किंवा पांढऱ्या कागदावर धरा. लाल ठिपका दिसला पाहिजे. हा साधा एलईडीचा उजेड आहे, तरी टोक डोळ्याला लावून आत बघत बसू नका. कागदावरचा ठिपका पुरेसा सांगतो.

ठिपका नसेल तर केबल टीव्हीतून काढा आणि टीव्हीच्या भोकात लाल उजेड आहे का ते बघा. काही टीव्हींत ध्वनीच्या मेनूत आउटपुट `Optical` वर नेल्याशिवाय तो उजेड लागतच नाही. भोकात उजेड आहे आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला नाही, तर दोष केबलचा. भोकातच उजेड नाही आणि मेनू बरोबर आहे, तर दोष टीव्हीचा.

इथे तीन फसगती नेहमी होतात. पहिली, नव्या केबलच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकची बारीक टोपी असते. ती न काढताच लोक केबल खुपसतात, आणि ती पारदर्शक असल्याने लक्षातही येत नाही. दुसरी, टोक चौकोनी दिसलं तरी त्याचे एका बाजूचे दोन कोपरे कापलेले असतात. त्या बाजूने बसवलं तरच ते आत जाऊन टक् असा आवाज करतं. जोर लावून उलटं घातलं की भोकावरची झडप मोडते. तिसरी, ॲम्प्लिफायरच्या मागे कधीकधी दोन ऑप्टिकल भोकं असतात, एक आत घेणारं आणि एक बाहेर पाठवणारं. ॲम्प्लिफायर चालू करून बघा: ज्यातून लाल उजेड येतोय ते बाहेर पाठवणारं. आपल्याला अंधारं भोक हवं.

धुळीबद्दलही सांगायला हवं, कारण उन्हाळ्यात आपल्याकडे दारं लावली तरी धूळ आत येते. केबलच्या आतला प्लास्टिकचा धागा जेमतेम १ मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे तोंडावर बसलेला बारीकसा कणही बराच उजेड अडवतो. टोक कोरड्या, मऊ, स्वच्छ कापडाने हलकेच पुसा. चष्मा पुसायचं कापड उत्तम. भोकात सुई किंवा काडी घालू नका, रबरी पंपाने हवा मारा. केबल टीव्हीमागे भिंतीला दाबून काटकोनात मोडली असेल तर आतला उजेड वळणावरच गळतो. वळण चहाच्या कपापेक्षा लहान होऊ देऊ नका. लांबी ५ मीटरपर्यंत निभते, त्यापुढे चांगली केबल लागते. दोन केबली जोड देऊन लांब करायचा उद्योग टाळा, प्रत्येक जोडावर उजेड कमी होतो.

आवाजाची जात ओळखा

उजेड पोचतोय हे कळल्यावर स्वयंपाकघरातून ऐकल्यासारखं दूरून ऐकू नका, स्पीकरजवळ जाऊन बसा. ऑप्टिकलच्या तक्रारी मुख्यतः तीन प्रकारच्या असतात आणि तिन्हींची औषधं वेगळी आहेत.

आवाज बरोबर येतोय पण मधेच क्षणभर तुटतो, टिकटिक होते, केबल हलवली की फरक पडतो: हा उजेडाचा प्रश्न. वर सांगितलेलं पुसणं, वळण, लांबी हे बघा.

सलग चर्रर्र, पाऊस पत्र्यावर पडल्यासारखं, किंवा त्या ठरावीक कार्यक्रमात संपूर्ण शांतता: हा भाषेचा प्रश्न. मामांचा हाच.

आवाजाच्या मागे सतत घूंऽऽ अशी घरघर, कार्यक्रम बंद केला तरी चालूच: हा विजेचा प्रश्न. उजेडातून अशी घरघर येऊ शकत नाही. त्याकडे शेवटी येतो, कारण मामांच्या घरी ती पण निघाली.

या सगळ्याच्या आधी एक छोटी खात्री करून घ्या. टीव्हीचा स्वतःचा स्पीकर चालू करा आणि तोच कार्यक्रम लावा. पेनड्राइव्हवरच्या काही सिनेमांचा आवाज डीटीएस प्रकारचा असतो आणि बऱ्याच टीव्हींना तो उलगडता येत नाही. अशा फाइलला टीव्हीचा स्पीकरही मुका राहतो. तिथे ऑप्टिकलचा काही दोष नाही, दुसरी फाइल आणा.

चर्रर्र कुठून येतं

ऑप्टिकल जोडणी १९८३ च्या सुमारास तोशिबा कंपनीने आणली, म्हणून तिला टॉसलिंक म्हणतात. ती आली मुख्यतः सीडीच्या जमान्यासाठी, म्हणजे डावा आणि उजवा अशा दोन आवाजांसाठी. हे दोन आवाज सरळ आकड्यांच्या रूपात जातात, त्याला पीसीएम म्हणतात. समोरच्या यंत्राने आकडे घ्यायचे आणि त्यांचा आवाज करायचा, मधे उलगडणं वगैरे काही नाही. म्हणून अगदी स्वस्तातली डबीही पीसीएम वाजवते.

पुढे सिनेमाचा सहा वाटांचा आवाज आला: पुढे तीन स्पीकर, मागे दोन आणि एक धमधम करणारा वूफर. यालाच ५.१ किंवा सराउंड म्हणतात. दोन आवाजांसाठी आखलेल्या वाटेत सहा आवाज सुटे मावत नाहीत. मग ते डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस पद्धतीने दाबून, गाठोडं बांधून त्याच वाटेने पाठवायची सोय केली. पलीकडच्या यंत्रात गाठोडं सोडणारा डीकोडर हवा.

मामांच्या डबीत डीकोडर नव्हता. बातम्यांच्या चॅनलचा आवाज साधा दोन वाटांचा, टीव्ही तो पीसीएम करून पाठवायचा आणि डबी वाजवायची. सिनेमाच्या एचडी चॅनलवर डॉल्बीचा आवाज होता. टीव्हीची मांडणी `Auto` वर असल्याने त्याने गाठोडं न सोडताच पुढे ढकललं. डबीने त्यालाच आकडे समजून वाजवायला घेतलं आणि निघालं चर्रर्र. काही डब्या जरा शहाण्या असतात. त्या सिग्नलसोबत आलेली 'हा साधा आवाज नाही' अशी खूण वाचतात आणि गप्प बसतात. म्हणून एकाच दोषाला कोणाच्या घरी खरखर होते, तर कोणाच्या घरी शांतता.

जपून राहा, ही खरखर पूर्ण जोरात येते. ॲम्प्लिफायरचा आवाज मोठा ठेवून प्रयोग कराल तर स्पीकरची जाळीच थरथरेल. मांडणी बदलताना ॲम्प्लिफायरचं बटण आधी खाली आणा.

मांडणी बदलायची कशी

पहिल्यांदा टीव्हीचा मेनू. `Sound` मध्ये जा, तिथे किंवा त्याखालच्या तज्ज्ञांसाठीच्या उपमेनूत `Digital Output Audio Format`, `Digital Sound Out` अशा अर्थाची ओळ सापडेल. प्रत्येक टीव्हीत नाव थोडं वेगळं असतं, पण पर्याय ओळखीचे असतात: `PCM`, `Auto`, `Dolby Digital`, `Bitstream`, `Pass Through`. दोन स्पीकर आणि साधी डबी असेल तर `PCM` निवडा. बस्स. आता गाठोडं टीव्हीच सोडतो, सहा वाटांचे दोन करतो आणि साधे आकडे पाठवतो.

मामांच्या टीव्हीवर हे करताच सिनेमा बोलायला लागला. पण मामांच्या नातवाने आधी वेगळाच उपाय केला होता. त्याने डिशच्या सेट-टॉप बॉक्समध्ये जाऊन आवाज `Dolby Digital` वरून `Stereo` केला होता. चॅनल त्याने लगेच सुधारलं, म्हणून पोराला वाटलं काम झालं. रात्री टीव्हीतल्याच ॲपवर सिनेमा लावला आणि पुन्हा चर्रर्र, मग सगळं परत जसं होतं तसं ठेवून त्याने केबलला दोष दिला. त्याचं अर्धं बरोबर होतं. सेट-टॉप बॉक्सची मांडणी फक्त त्या बॉक्समधून येणाऱ्या आवाजाला लागू होते. ॲप टीव्हीच्या आत चालतं, त्याच्या आवाजावर टीव्हीचीच मांडणी चालते. म्हणून आधी टीव्ही `PCM` वर न्या. तेवढ्याने काही चॅनल गप्पच राहिले तर मग सेट-टॉप बॉक्सही स्टिरिओ करा, कारण एखादा टीव्ही बॉक्सकडून एचडीएमआय केबलने आलेलं गाठोडं सोडत नाही.

लॅपटॉपवरून ऑप्टिकल घेत असाल तर तिथला नमुन्याचा दर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती आकडे पाठवायचे तो, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. उगाच १९२ वर नेला तर स्वस्त डब्या गोंधळतात.

लोक विचारतात, पीसीएम केल्याने आवाजाचा दर्जा उतरतो का? दोन स्पीकर असतील तर नाही. गाठोडं टीव्हीने सोडलं काय आणि ॲम्प्लिफायरने सोडलं काय, शेवटी दोनच वाटा उरणार. एक फरक मात्र कानाला जाणवतो: सहाचे दोन करताना संवाद थोडे खाली जातात आणि गाणी, मारामारी वर येते. आजोबा-आजींना हे फार टोचतं. टीव्हीत किंवा बॉक्समध्ये `Night Mode` किंवा डायनॅमिक रेंजची ओळ असेल तर ती चालू करा, लहान-मोठ्या आवाजातलं अंतर कमी होतं.

मग सराउंड कोणासाठी

ज्याच्याकडे खरा डीकोडर आणि खरे सहा स्पीकर आहेत त्याच्यासाठी. त्याने `PCM` ठेवलं तर तो स्वतःचं नुकसान करतो. ऑप्टिकलमधून पीसीएम फक्त दोन वाटांचं जातं, त्यामुळे मागचे स्पीकर एकतर मुके राहतात किंवा ॲम्प्लिफायर पुढचाच आवाज मागे वाटून देतो. अशा घरात `Auto` किंवा `Dolby Digital` हवं.

पण 'खरा' हा शब्द मी जपून वापरतोय. आपल्याकडे पाच पेट्या आणि एक वूफर अशा संचांना सरसकट ५.१ म्हणतात. त्यातले बरेच आत दोनच वाटा घेतात आणि त्याच पाच पेट्यांना वाटतात. ऑप्टिकल भोक आहे म्हणजे डीकोडर आहे असंही नाही, भोकामागे साधी पीसीएमची चिप असू शकते. कळायचं कसं? टीव्ही `Dolby Digital` वर न्या आणि ॲम्प्लिफायरचा आवाज बारीक ठेवून डॉल्बीचा कार्यक्रम लावा. खरखर किंवा शांतता आली तर डीकोडर नाही. आवाज आला आणि दर्शनी पट्टीवर डॉल्बीचं नाव किंवा दिवा लागला तर आहे. अजून पक्कं करायचं असेल तर मागच्या स्पीकरला कान लावा. खऱ्या सराउंडमध्ये संवाद प्रामुख्याने मधल्या पेटीतून येतात, मागे पाऊस, गर्दी, घुमणारं संगीत एवढंच. मागच्या पेटीतही नायक तितक्याच जोरात बोलत असेल तर ते वाटून दिलेलं सोंग आहे.

डीकोडर खरा असूनही चॅनलवर दिवा लागत नाही आणि टीव्हीतल्या ॲपवर मात्र लागतो, असंही होतं. काही जुने टीव्ही एचडीएमआयमधून आलेला आवाज ऑप्टिकलवर फक्त दोन वाटांचा करूनच सोडतात. सेट-टॉप बॉक्सला स्वतःचं ऑप्टिकल भोक असेल तर केबल थेट तिथून ॲम्प्लिफायरला घाला, टीव्हीला मधून काढा.

`Pass Through` पासून मी लोकांना दूरच ठेवतो. ॲपवरचे सिनेमे बहुतेक डॉल्बी डिजिटल प्लस प्रकारात येतात. ते ऑप्टिकलच्या वाटेने जायच्या बोलीचे नाहीत. `Auto` किंवा `Dolby Digital` वर टीव्ही त्यांचं जुन्या डॉल्बी डिजिटलमध्ये रूपांतर करतो आणि आवाज येतो. `Pass Through` वर तो हात वर करतो आणि शांतता होते. डोक्यावरून फिरणारा ॲटमॉसचा आवाजही ऑप्टिकलमधून मिळत नाही, त्याला एचडीएमआयची एआरसी किंवा ईएआरसी जोडणी लागते.

सराउंडचा एक त्रास आधीच सांगून ठेवतो. सिनेमा डॉल्बीत आणि जाहिरात स्टिरिओत असेल तर प्रत्येक बदलाला ॲम्प्लिफायर नवी भाषा ओळखायला अर्धा-एक सेकंद घेतो, कधी आतला रिले टक् करतो. संवादाचा पहिला शब्द गिळला जातो. हा बिघाड नाही. दिवसभर मालिका-बातम्या बघणाऱ्या घरात मी `PCM` ठेवायला सांगतो आणि सिनेमाच्या रात्री तेवढं बदलायला सांगतो. डीकोडरवाल्यांना ही चैन परवडते.

घूंऽऽ राहिलं होतं

मामांचा सिनेमा बोलायला लागला, पण शांत प्रसंगात मागे घरघर होती. बातम्यांच्या वेळीही ती असायची, पण निवेदकाच्या आवाजाखाली दबलेली. मामांना वाटलं केबल हलकी आहे. मी ऑप्टिकल केबलच डबीतून उपटली. घरघर तशीच. म्हणजे केबल निर्दोष सुटली.

मग डबीचा यूएसबी टीव्हीतून काढून माझ्या पॉवर बँकेला लावला आणि ऑप्टिकल परत घातली. घरघर गेली. कारण असं: ऑप्टिकलचा मोठा गुण म्हणजे टीव्ही आणि ॲम्प्लिफायर यांच्यात तांब्याची तार उरत नाही, त्यामुळे एकाची वीज दुसऱ्याच्या आवाजात मिसळत नाही. आपण मात्र डबीला टीव्हीच्या यूएसबीतून वीज देतो आणि तीच तार मागच्या दाराने परत आणतो. टीव्हीला डिशची केबल जोडलेली, ॲम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डावर, घराचं अर्थिंग बोलायलाच नको. या फेऱ्यातून ५० हर्ट्झची घरघर लाल-पांढऱ्या पिनांतून ॲम्प्लिफायरमध्ये शिरते.

उपाय म्हणजे डबीला मोबाइलचा वेगळा दोन पिनांचा ५ व्होल्टचा चार्जर. मामांच्या कपाटात जुना पडून होता, तो लावला. एखादा स्वस्त चार्जर स्वतःची बारीक शिट्टी घालतो, तसं झालं तर दुसरा घालून बघा. घरघर घालवायला ॲम्प्लिफायरच्या तीन पिनांतली अर्थिंगची पिन तोडणारे कारागीर मी पाहिलेत. ते कधीही करू देऊ नका. घरघर जाईल, पण यंत्रात वीज उतरली तर लोखंडी पेटीला हात लावणाऱ्याला धक्का बसेल.

निघताना मामांनी टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी करायचा प्रयत्न केला आणि तो हललाच नाही. "आता हे काय?" बऱ्याच टीव्हींत ऑप्टिकलचा आवाज ठरावीक पातळीवरच बाहेर पडतो, टीव्हीचा रिमोट त्याला लागू पडत नाही. कमी-जास्त करायचं ॲम्प्लिफायरच्या बटणावर. मामांनी खुर्ची ओढून ॲम्प्लिफायरच्या हाताच्या अंतरावर घेतली.